क्रिएटिन, खुब्याचं हाड आणि दोन पिढ्यांचा एकच प्रश्न

क्रिएटिनचा डबा आता फक्त जिमच्या लॉकरमध्ये राहिलेला नाही. कोल्हापुरात मी फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते. गेल्या काही वर्षांत, क्रिएटिननं हाडं बळकट होतात का, हा प्रश्न माझ्याकडे दोन अगदी वेगळ्या वयाची माणसं घेऊन येतात. एकीकडे विशीतली पोरं, राजारामपुरीतल्या नाहीतर शाहूपुरीतल्या जिममधून थेट आलेली. दुसरीकडे पाळी थांबून काही वर्षं झालेल्या बायका. त्यांच्या हातात डेक्साचा, म्हणजे हाडांची घनता मोजणाऱ्या तपासणीचा रिपोर्ट असतो आणि मोबाईलवर कुणीतरी पाठवलेला व्हिडिओ. त्या व्हिडिओत ठामपणे सांगितलेलं असतं की क्रिएटिन घेतलं की हाडं घट्ट होतात.

आमच्या घरातही हे दोन्ही टोकं आहेत. माझा भाचा बावीस वर्षांचा आहे. तो डेडलिफ्ट मारतो आणि रोज पाच ग्रॅम क्रिएटिन घेतो. मावशी एकोणसाठची. तिच्या रिपोर्टवर हाडं थोडी विरळ झाल्याची नोंद आहे. भाच्यानं तिला सांगून टाकलं, "मावशीआजी, तू पण घे, हाडाला लई चांगलं असतंय." मावशीनं मला फोन केला आणि सरळ विचारलं, "हा म्हणतोय ते खरं आहे का गं? खरं असेल तर मी उद्यापासून सुरू करते."

उत्तर दोन वाक्यांत देता येतं. आजवरच्या मोठ्या आणि लांब चाललेल्या अभ्यासांत क्रिएटिननं हाडांची घनता वाढलेली नाही, किंवा घटायची थांबलेलीही नाही. हाडाच्या आकारावर आणि चालण्याच्या वेगावर थोडासा परिणाम दिसला आहे, आणि त्याबद्दल बोलण्यासारखं आहे. पण एवढं सांगून मावशीचं समाधान होणार नव्हतं, कारण तिनं पाहिलेल्या व्हिडिओत एका खऱ्या अभ्यासाचा आकडा होता. तो आकडा खोटा नाही. तो आला कुठून आणि पुढे त्याचं काय झालं, ही गोष्ट नीट सांगायला हवी.

आधी क्रिएटिन म्हणजे काय ते पाहू. हा पदार्थ आपलं शरीर स्वतः तयार करतं, मुख्यतः यकृत आणि मूत्रपिंडात. सत्तर किलोच्या माणसाच्या अंगात साधारण एकशेवीस ग्रॅम क्रिएटिन असतं आणि त्यातलं बहुतेक सगळं स्नायूंमध्ये साठलेलं असतं. रोज त्यातलं सुमारे दोन ग्रॅम खर्च होऊन लघवीवाटे बाहेर जातं. ती तूट काही शरीर भरून काढतं आणि काही मांसाहार. एक किलो कच्च्या मटणात साधारण चार ते पाच ग्रॅम क्रिएटिन असतं. म्हणजे तांबडा-पांढरा रस्सा ओरपणाऱ्या आमच्या गावातही डब्यातल्या चमचाएवढं क्रिएटिन ताटातून मिळवायचं तर एका माणसानं दिवसाला किलोभर मटण खावं लागेल. त्यातही शिजवताना काही भाग रश्शात उतरतो आणि काही मोडून जातो. दुधात ते नगण्य असतं. तालमीतल्या पैलवानाच्या दूध-बदामाच्या खुराकात प्रथिनं आणि कॅल्शियम भरपूर असलं तरी क्रिएटिन त्यातून मिळत नाही. शाकाहारी माणसाच्या स्नायूंतला साठा कमी असतो तो यामुळेच.

स्नायूला एकदम जोर लावायचा असतो तेव्हा तिथलं क्रिएटिन फॉस्फेटच्या रूपानं झटपट ऊर्जा पुरवतं. म्हणून वजन शेवटी एक-दोनदा जास्त उचलता येतं. इथपर्यंत कुणाचा वाद नाही. हाडाचा विचार दोन बाजूंनी पुढे आला. एक म्हणजे, स्नायू जास्त जोर लावेल तर हाडावर जास्त ओढ पडेल, आणि ओढ पडली की हाड स्वतःला बळकट करतं. दुसरं म्हणजे, हाड बांधणाऱ्या पेशी, म्हणजे ऑस्टिओब्लास्ट, त्यांनाही कामासाठी ऊर्जा लागते आणि क्रिएटिन वापरणारी यंत्रणा त्यांच्यातही असते. २००५ साली प्रयोगशाळेत वाढवलेल्या अशा पेशींना क्रिएटिन दिलं तेव्हा त्यांचं काम वाढलं आणि त्यांनी खनिजही जास्त जमवलं. काचेच्या बशीतल्या पेशींचा निकाल माणसाला लागू पडतोच असं नाही, पण शंका घेऊन पुढे पाहायला तो पुरेसा होता.

मग माणसांवरचा तो अभ्यास आला, ज्याचा आकडा मावशीच्या व्हिडिओत होता. कॅनडातल्या सस्कॅचवान विद्यापीठात फिलिप चिलिबेक आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये तो प्रसिद्ध केला. पाळी थांबलेल्या बायका घेतल्या. सगळ्यांनी वर्षभर आठवड्यातून तीन दिवस वजनांचा व्यायाम केला. अर्ध्यांना दर किलो वजनामागे ०.१ ग्रॅम क्रिएटिन मिळालं, म्हणजे साठ किलोच्या बाईला रोज सहा ग्रॅम. उरलेल्यांना तशीच दिसणारी निरुपयोगी पूड दिली, जिला प्लासिबो म्हणतात. कोण काय घेतंय ते बायकांना माहीत नव्हतं. वर्षाअखेर खुब्याच्या हाडाची मान तपासली. मांडीचं हाड खुब्याच्या गोळ्याला जिथं जोडलं जातं ती ही अरुंद जागा, म्हातारपणी पडल्यावर बरेचदा मोडते ती. प्लासिबोच्या गटात तिथली घनता ३.९ टक्क्यांनी घटली होती आणि क्रिएटिनच्या गटात १.२ टक्क्यांनी.

हा फरक पाहिला की कुणालाही वाटेल, क्रिएटिननं हाडाची झीज तिपटीनं कमी केली. व्हिडिओवाले हेच सांगतात. पण या आकड्यांपाशी जरा थांबायला हवं, कारण सगळी गोष्ट इथेच आहे.

पहिलं म्हणजे, शेवटपर्यंत टिकलेल्या बायका किती होत्या? क्रिएटिनच्या गटात पंधरा आणि प्लासिबोत अठरा. एवढ्याशा संख्येत दोन-तीन जणींची हाडं काही वेगळ्याच कारणानं जास्त झिजली तरी सरासरी हलते. दुसरं, आणि मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते हे: इथे क्रिएटिनच्या गटात काही विलक्षण घडलंच नव्हतं. पाळी थांबल्यानंतरच्या वर्षांत खुब्याच्या मानेची घनता वर्षाला एक-दीड टक्क्यांनी घटणं हे नेहमीचं आहे. क्रिएटिनवाल्या बायकांची घट तेवढीच होती. विलक्षण होती ती प्लासिबोची घट. आठवड्यातून तीनदा वजनं उचलणाऱ्या बायकांची हाडं वर्षभरात जवळजवळ चार टक्क्यांनी विरळ व्हावीत, हे अपेक्षेपेक्षा फार जास्त आहे. म्हणजे दोन गटांतलं अंतर एक गट वर चढल्यामुळे पडलेलं नव्हतं, दुसरा नेहमीपेक्षा जास्त खाली गेल्यामुळे पडलं होतं. असं अंतर नशिबानंही पडू शकतं. ते खरं आहे की नाही हे कळायला एकच उपाय असतो. तोच प्रयोग जास्त माणसांवर आणि जास्त काळ करून पाहायचा.

त्याच संशोधकांनी तो केला, याबद्दल मला त्यांचा फार आदर वाटतो. आपल्याच गाजलेल्या निकालाची एवढी कडक परीक्षा घ्यायला प्रामाणिकपणा लागतो. २०२३ मध्ये त्यांनी दुसरा अभ्यास प्रसिद्ध केला. या वेळी पाळी थांबलेल्या २३७ बायका होत्या, सरासरी वय एकोणसाठ, म्हणजे नेमकं मावशीचं. मुदत एक वर्षाऐवजी दोन वर्षं. डोसही वाढवला, दर किलोमागे ०.१४ ग्रॅम. साठ किलोच्या बाईला तो रोज साडेआठ ग्रॅमच्या आसपास होतो, भाच्याच्या चमच्यापेक्षा बराच मोठा. आठवड्यातून तीन दिवस वजनांचा व्यायाम आणि सहा दिवस चालणं. हाडाला क्रिएटिनचा फायदा व्हायचा असेल तर तो इथे दिसायलाच हवा होता.

खुब्याच्या मानेची घनता क्रिएटिनच्या गटात ०.७२५ वरून ०.७१२ वर आली आणि प्लासिबोच्या गटात ०.७२१ वरून ०.७०६ वर. हे आकडे दर चौरस सेंटीमीटरला ग्रॅममध्ये असतात. टक्क्यांत मांडलं तर दोन वर्षांत एका गटाची घट सुमारे १.८ आणि दुसऱ्याची सुमारे २.१. हा फरक मोजमापाच्या गोंगाटात विरून जातो. पूर्ण खुबा आणि कंबरेचे मणके तपासले तिथेही फरक नाही. आणि या वेळी प्लासिबोच्या बायकांची घट दोन वर्षांत मिळून दोन टक्के होती, आधीच्या अभ्यासात ती एका वर्षात चार टक्के झाली होती. म्हणजे पहिल्या वेळचा तो मोठा खड्डा दुसऱ्यांदा पडलाच नाही. खड्डा नाही, त्यामुळे क्रिएटिननं वाचवल्यासारखंही काही दिसलं नाही.

मावशीला हे मी फोनवर समजावलं तेव्हा तिनं अचूक प्रश्न विचारला. "मग त्या व्हिडिओवाल्यांना दुसरा अभ्यास माहीत नाही होय?" माहीत असेलही. पण पहिला आकडा सांगायला सोपा आहे आणि डबा विकायला उपयोगी आहे.

दुसऱ्या अभ्यासात घनतेपलीकडचं एक निरीक्षण मात्र नोंदलं आहे. डेक्साच्या चित्रावरून खुब्याच्या मानेची घनताच नाही, तर तिचा आकारही अंदाजे मोजता येतो. तेवढ्याच लोखंडाची एक भरीव सळी आणि एक रुंद पोकळ पाइप केली, तर वाकवायला पाइप जड जाते, कारण धातू मध्यापासून दूर पसरलेला असतो. हाडाचंही तसंच. वाकण्याला हाड किती दाद देणार नाही, याचं एक माप असतं, त्याला सेक्शन मॉड्युलस म्हणतात. क्रिएटिनच्या गटात हे माप दोन वर्षांत जवळजवळ जागच्या जागी राहिलं. प्लासिबोत ते १.३४ वरून १.२८ घन सेंटीमीटरवर उतरलं. भिंत पातळ होऊन हाड आत दुमडण्याचा धोका सांगणारं दुसरं एक मापही क्रिएटिनच्या बाजूनं गेलं. ज्येष्ठ पुरुषांवर वर्षभर चाललेल्या आणि २०२१ मध्ये आलेल्या अभ्यासातही घनतेत फरक नव्हता, पण खुब्याच्या मानेच्या सेक्शन मॉड्युलसमध्ये क्रिएटिनची बाजू थोडी वरचढ होती. एकच खूण दोन वेगवेगळ्या गटांत दिसली, म्हणून मी ती बाजूला टाकत नाही.

पण तिच्यावर फार भारही टाकत नाही. ही मापं सपाट चित्रावरून गणितानं काढलेली असतात. हाड प्रत्यक्ष गोल फिरवून मोजलेलं नसतं. शिवाय असे अभ्यास मुख्य प्रश्न एक ठरवतात, इथे तो घनतेचा होता, आणि बरोबर डझनभर इतर गोष्टीही मोजतात. डझनभर मोजल्या की एखाद-दुसरी योगायोगानंही बाजूनं येते. आणि शेवटी माणसाला काळजी असते ती हाड मोडण्याची. क्रिएटिन घेणाऱ्यांची हाडं कमी मोडली, असं एकाही अभ्यासानं दाखवलेलं नाही. हाडाच्या औषधांशी तुलना केली की अंतर कळतं. झोलेड्रोनिक ॲसिडची सलाइनमधून वर्षाला एक मात्रा देऊन केलेल्या, २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात तीन वर्षांत मणक्यांचे फ्रॅक्चर ७० टक्क्यांनी आणि खुब्याचे ४१ टक्क्यांनी कमी झाले होते. ज्यांचं हाड खरंच ठिसूळ झालंय, त्यांनी डॉक्टरांच्या औषधाच्या जागी क्रिएटिनचा डबा ठेवणं घातक आहे. हे मी तळमळीनं सांगते, कारण असं करणाऱ्या बायका मला भेटल्या आहेत.

२०२३ च्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट होती. क्रिएटिन घेतलेल्या बायकांचा ऐंशी मीटर चालण्याचा वेळ दोन वर्षांत साधारण दीड सेकंदानं कमी झाला, प्लासिबोचा तेवढाच राहिला. दीड सेकंद ऐकायला किरकोळ वाटतं, पण या वयात चाल मंदावत जाते. चालीत जोर असला तर तोल सावरतो, आणि पडणं टळलं तर हाड मोडायचा प्रसंगच येत नाही. मला क्रिएटिनचा खरा उपयोग असलाच तर या बाजूला दिसतो, स्नायूतून.

व्यायामाशिवाय नुसती पूड घेऊन काय होतं, तेही पाहिलं गेलं आहे. ब्राझीलमध्ये हाडं विरळ व्हायला लागलेल्या दोनशे बायकांना दोन वर्षं रोज तीन ग्रॅम क्रिएटिन किंवा प्लासिबो दिलं, व्यायाम ठरवून दिला नव्हता. २०२० मध्ये निकाल आला. हाडात फरक नाही, स्नायूत नाही, पडण्याच्या प्रमाणातही नाही. मावशीचा मूळ बेत हाच होता, सकाळच्या चहाबरोबर एक चमचा घ्यायचा आणि बाकी दिवस नेहमीसारखा.

आता तिच्या रिपोर्टाकडे वळते, कारण अभ्यासाचे आकडे घरातल्या एका माणसावर बसवताना बहुतेक गोंधळ होतो. तिच्या खुब्याच्या मानेची घनता पहिल्या तपासणीत ०.७०२ होती, टी-स्कोअर उणे १.३. म्हणजे तरुण वयाच्या सरासरीपेक्षा कमी, पण ठिसूळपणाची सीमा उणे २.५ असते, ती अजून लांब. वर्षानंतर आकडा आला ०.६९०. तिला वाटलं हाड झिजतंय. फरक ०.०१२ चा, म्हणजे सुमारे १.७ टक्के.

डेक्साचं यंत्र कितीही चांगलं असलं तरी एकाच माणसाला दोनदा झोपवून तपासलं तर आकडा तंतोतंत येत नाही. पाय किती आत वळवला, कंबर किती सरळ ठेवली, यावर तो हलतो. खुबा तपासताना पाय त्रिकोणी ठोकळ्याला बांधून आत वळवतात, म्हणजे हाडाची मान यंत्रासमोर आडवी येते. चित्रात मांडीच्या हाडाच्या आतल्या बाजूचा छोटा उंचवटा मोठा दिसत असेल तर पाय पुरेसा वळलेला नव्हता, असं समजायचं आणि त्या आकड्यावर फार विसंबायचं नाही. या क्षेत्रातल्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं सांगून ठेवलंय की प्रत्येक केंद्रानं आपली चूक मोजावी. त्या नियमांप्रमाणे चालणाऱ्या केंद्रातही खुब्याच्या मानेचा बदल ६.९ टक्क्यांपर्यंत चुकीतला असू शकतो. पूर्ण खुब्याला ही मर्यादा ५ टक्के आणि कंबरेच्या मणक्यांना ५.३ टक्के. मावशीच्या ०.७०२ ला ६.९ टक्के लावले तर जवळपास ०.०४८ होतात. म्हणजे तिचा आकडा ०.६५४ च्या खाली गेला किंवा ०.७५० च्या वर गेला, तरच ठामपणे म्हणता येईल की हाड बदललं. ०.६९० ला काहीच म्हणता येत नाही. केंद्राची स्वतःची चूक कमी असेल तर ही खिडकी थोडी अरुंद होईल, एवढंच.

मग प्रयोगात एक-दोन टक्क्यांचा फरक कसा ओळखतात? शंभर-सव्वाशे बायकांची सरासरी घेतल्यावर एकेकीची इकडची-तिकडची चूक एकमेकींना खाऊन टाकते. एकट्या माणसाला ही सोय नसते. म्हणून मावशीनं वर्षभर क्रिएटिन घेतलं आणि पुढच्या वर्षी आकडा ०.७१० आला, तर तो क्रिएटिनचा गुण म्हणता येणार नाही. ०.६८० आला तरी त्याचा दोष म्हणता येणार नाही. हे तिला पटलं. आकडा हलला की आता काहीतरी करायलाच हवं, ही तिची बेचैनी मात्र अजून गेलेली नाही, आणि ते मी समजू शकते.

आता भाच्याकडे येते. त्याचा मुद्दा वेगळा होता. "आत्या, ते म्हातारपणाचं झालं. माझ्या वयात हाड बांधलं जातंय की. आत्ता घेतलं तर साठा वाढणार नाही होय?" प्रश्न हुशारीचा आहे. हाडाची कमाल घनता विशीच्या अखेरपर्यंत गाठली जाते आणि पुढचं आयुष्य त्या भांडवलावर चालतं.

अडचण अशी, की तरुण लिफ्टरांवर क्रिएटिनचे प्रयोग ढिगानं झालेत, पण त्यांचा रोख ताकद आणि स्नायूवर आहे. ते सहसा सहा ते बारा आठवडे चालतात. हाड एवढ्या घाईनं बदलत नाही. जुना हाडाचा तुकडा पेशी कुरतडतात त्याला काही आठवडे लागतात. मग त्या खड्ड्यात नवा मालमसाला भरून त्याचं खनिज घट्ट व्हायला पुढे कित्येक महिने. पूर्ण फेरा चार ते सहा महिन्यांचा असतो. त्यात निरोगी तरुणाचं हाड आधीच भक्कम असतं, म्हणून वर्षभराच्या कडक व्यायामानंही घनतेत वाढ झाली तर टक्का-दोन टक्के. आठ आठवड्यांच्या प्रयोगात दहा-वीस पोरांमध्ये तो फरक शोधणं व्यर्थ आहे. म्हणून या छोट्या प्रयोगांत फरक दिसला नाही, तर तो निकाल क्रिएटिनच्या विरुद्ध धरायचा नाही. आणि कुठे तुरळक फरक दिसला, तर तो बाजूनंही धरायचा नाही.

ज्येष्ठ पुरुषांमध्येही असंच एकदा झालं होतं. २००५ च्या एका अभ्यासात सत्तरीच्या आसपासच्या पुरुषांनी बारा आठवडे वजनं उचलली. क्रिएटिनवाल्यांच्या हातांच्या हाडांतलं खनिज ३.२ टक्क्यांनी वाढलेलं दिसलं आणि प्लासिबोत एक टक्क्यानं घटलेलं. बारा आठवड्यांत एवढी वाढ हाडाच्या चालीत बसत नाही. पुढच्या, वर्षभराच्या अभ्यासात घनता वाढलेली दिसली नाही, ते वर आलंच आहे.

तरुणांबद्दल जो ठोस आधार दाखवला जातो तो वाढत्या वयाच्या उंदरांचा आहे. २००७ च्या त्या प्रयोगात उंदरांच्या खाण्यात दोन टक्के क्रिएटिन मिसळलं होतं, आठ आठवडे. त्यांच्या कंबरेच्या मणक्यांची घनता वाढली. पण उंदीर आपल्या वजनाच्या मानानं खूप खातो. हिशेब केला तर दर किलोमागचं ते क्रिएटिन माणसाच्या डोसच्या साधारण दहापट भरतं. शिवाय वाढत्या उंदराचं हाड आठ आठवड्यांत अर्ध्या बालपणातून जातं. स्नायू क्षीण होत जाणाऱ्या आजारातल्या काही मुलांमध्येही क्रिएटिननं हाडाची झीज दाखवणारा लघवीतला पदार्थ कमी झालेला दिसला आहे. पण त्या मुलांची हाडं आजारानं, हालचाल कमी झाल्यानं आणि औषधांनी आधीच खंगलेली असतात. जिममधल्या सुदृढ पोराला तो निकाल चिकटवता येत नाही.

भाच्याला मी सांगितलं, तुझं हाड बांधतंय ते तू बारवर चढवतोस त्या वजनानं. आपल्या तालमींतल्या पैलवानांची हाडं जाड असतात, कारण लहानपणापासून ती मातीवर आपटतात, दुसऱ्याचं वजन अंगावर झेलतात. क्रिएटिननं एखादा सेट जास्त झाला आणि त्यातून वर्षानुवर्षं थोडा जास्त भार हाडावर आला, तर आडवळणानं फायदा होऊही शकेल. पण हा तर्क आहे, मोजलेला निकाल नाही. त्यानं मान हलवली आणि म्हणाला, "म्हणजे ताकदीसाठी घेतोय ते बरोबर, हाडासाठी नाही." इतकं नेमकं मला स्वतःला सांगता आलं नसतं.

मावशीसाठी मात्र भाराचाच मुद्दा जास्त ठोस आहे. २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियातून एक अभ्यास आला, हाडं विरळ झालेल्या १०१ बायकांवरचा. आठ महिने, आठवड्यातून दोनदा, प्रत्येक वेळी फक्त अर्धा तास. देखरेखीखाली डेडलिफ्ट, स्क्वाट आणि डोक्यावर बार ढकलणं, पाच-पाचचे पाच सेट, जास्तीत जास्त उचलू शकतील त्याच्या ८५ टक्क्यांहून जड वजनानं. शिवाय बारला लटकून खाली उडी टाकणं. कंबरेच्या मणक्यांची घनता त्यांच्यात २.९ टक्क्यांनी वाढली. घरी हलका व्यायाम करणाऱ्या गटात १.२ टक्क्यांनी घटली. क्रिएटिनचं नावही नाही त्यात. पण ही वजनं पहिल्या दिवशी उचललेली नाहीत. आधी महिनाभर हलक्या वजनांवर हालचाल शिकवली आणि मग चढवत नेली. हे एकटीनं घरी करायचं काम नाही, विशेषतः मणका आधीच दबलेला असेल तर.

मावशी आता आठवड्यातून दोन दिवस माझ्याकडे येते. बारवर सुरुवातीला नुसती काठी होती, आता वजनं चढू लागली आहेत. क्रिएटिन घ्यायचं की नाही हे मी तिच्यावर सोडलं. स्नायूसाठी घ्यायचं असेल तर रोज तीन ते पाच ग्रॅम साधं मोनोहायड्रेट, पाण्यात नाहीतर ताकात, आणि हाडाची आशा त्याच्याशी जोडायची नाही. तिनं घ्यायचं ठरवलं.

त्याबरोबर एक सूचना दिली, जी भाच्यालाही लागू आहे. क्रिएटिन घेणाऱ्याच्या रक्तात क्रिएटिनिन थोडं वाढलेलं येतं, कारण क्रिएटिन मोडून तेच तयार होतं. लॅबचं गणित त्याच आकड्यावरून मूत्रपिंडाची क्षमता काढतं आणि ती कमी छापते. निरोगी माणसात बरेचदा मूत्रपिंडाला काही झालेलं नसतं, पण रिपोर्ट बघून घरात घबराट उडते. म्हणून रक्त द्यायच्या आधी डॉक्टरांना सांगायचं की मी क्रिएटिन घेते. शंका राहिली तर सिस्टॅटिन-सी ही वेगळी तपासणी असते, ती क्रिएटिनमुळे फिरत नाही. आणि मूत्रपिंडाचा जुना आजार असेल, तर डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय डबा उघडायचाच नाही.